यंत्राची किंमत दरवर्षी किती उरते? खरेदीच्या बिलावरून घसारा तक्ता



आजचा लेख सातवीच्या शेकडेवारीतून निघाला, पण प्रश्न वर्गातला नव्हता. आमच्या शाळेतल्या काही मुलांच्या आयांचा मिळून दहाजणींचा बचत गट आहे. मसाला, हळद, चटण्या करून विकतात. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यातल्या एक ताई गाव सोडून मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या आणि म्हणाल्या, "माझा वाटा द्या." रोख शिल्लक आणि कच्चा माल मोजायला वेळ लागला नाही. अडलं ते मशीनवर. जाणाऱ्या ताईंचं म्हणणं, "दीड लाखाच्या मशिनी आहेत, माझे पंधरा हजार होतात." बाकीच्यांचं म्हणणं, "जुन्या मशीनला भंगाराचा भाव येतो." गटाच्या वहीत मात्र तिसराच आकडा होता. शेवटी अध्यक्ष ताई वही आणि बिलांची फाईल घेऊन शाळेत आल्या. "मॅडम, तुम्ही टक्केवारी शिकवता ना, एवढं बघून द्या."

मी डी.एड. केलेली शिक्षिका आहे, हिशेबनीस नाही. बारावीला पुस्तपालन होतं तेवढ्या भांडवलावर बसले आणि तालुक्याच्या एका सीए सरांकडून तपासून घेतलं. वहीतला आकडा चुकीचा निघाला. गंमत म्हणजे गुणाकार-वजाबाकीत एकही चूक नव्हती. सगळा घोळ बिलातून काय उचललं आणि टक्के कशाचे काढले यात होता. म्हणून तक्ता पहिल्यापासून कसा बांधला तेच इथे लिहिते.

घसारा म्हणजे नेमकं काय

लाखभर रुपयांचं मशीन आणलं आणि ते सगळे पैसे त्याच वर्षीचा खर्च म्हणून लिहिले, तर त्या वर्षी गट तोट्यात दिसेल आणि पुढची दहा वर्षं उगाचच नफ्यात. मशीन तर दरवर्षी थोडं थोडं वापरलं जातं. म्हणून त्याची किंमत वापराच्या वर्षांवर पसरवायची. दरवर्षी जो भाग खर्चात टाकतो तो घसारा. अजून खर्चात टाकायचा राहिलेला भाग म्हणजे पुस्तकी मूल्य.

हे दुसरं वाक्य जरा सावकाश वाचा. पुस्तकी मूल्य म्हणजे मशीन आज बाजारात नेलं तर मिळणारे पैसे नव्हेत. दिलेल्या किमतीपैकी अजून वह्यांमध्ये जिरायची राहिलेली रक्कम, एवढाच त्याचा अर्थ. गटातलं निम्मं भांडण या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतं.

बिल वाचायला बसू या

गटाकडे दोन मशीन आहेत. पहिलं मसाला कांडप मशीन. त्याच्या बिलावर असं होतं: मोटरसह मशीन ८०,००० रुपये, जादा जाळ्यांचा संच २,००० रुपये, दोन्हीवर १८ टक्के जीएसटी १४,७६० रुपये, एकूण ९६,७६० रुपये. बिलाची तारीख १० जून २०२१.

वहीत मशीनची किंमत म्हणून सरळ शेवटचा आकडा, ९६,७६०, लिहिलेला. बहुतेक ठिकाणी असंच होतं. बिलाच्या तळाशी ठळक अक्षरात असतो ना तो! पण त्यात एक गोष्ट नको असलेली आहे आणि दोन हव्या असलेल्या नाहीत.

नको असलेली म्हणजे जादा जाळ्या. कांडप मशीनची जाळी झिजते, फाटते आणि बदलावी लागते. वर्षभरही न टिकणारी वस्तू दहा वर्षं तक्त्यात ठेवण्यात अर्थ नाही. ती त्या वर्षीचा खर्च. आणि जाळी बाहेर काढली की तिच्यावरचा जीएसटीही, २,००० च्या १८ टक्के म्हणजे ३६० रुपये, तिच्याबरोबर बाहेर जातो. हे ३६० विसरायला होतात. मी पहिल्यांदा विसरलेच होते, सीए सरांनी बोट ठेवलं. म्हणजे मशीनचे उरले ८०,००० अधिक १४,४०० जीएसटी, मिळून ९४,४००.

हव्या असलेल्या दोन गोष्टी बिलावर कधीच सापडणार नाहीत, कारण ते पैसे मशीनवाल्याला दिलेलेच नव्हते. एक, टेम्पोचं भाडं ३,६०० रुपये. दुसरी, सिमेंटचा पाया, वायरिंग आणि बसवण्याची मजुरी मिळून ६,००० रुपये. यांच्या पावत्या फाईलमध्ये वेगळ्या, किरकोळ खर्चात टोचून ठेवलेल्या होत्या. पण पाया आणि वायरिंगशिवाय ते मशीन म्हणजे खोलीत ठेवलेलं लोखंड. वस्तू जागेवर आणून चालू स्थितीत येईपर्यंतचा आवश्यक खर्च तिच्या किमतीत धरायचा, हा नियम. तेव्हा ९४,४०० अधिक ३,६०० अधिक ६,०००, म्हणजे १,०४,०००. ही झाली मशीनची मूळ किंमत.

जीएसटीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. या गटाची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे भरलेला कर परत मिळत नाही आणि तो किमतीत धरावा लागतो. नोंदणी असलेल्या व्यवसायाने जर या कराचं क्रेडिट घेतलं असेल, तर तो किमतीत धरता येत नाही. एकाच रुपयाचं क्रेडिटही घ्यायचं आणि त्यावर घसाराही काढायचा, हे कायद्याला चालत नाही. तशा व्यवसायाची मूळ किंमत या उदाहरणात ८९,६०० झाली असती. मशीन तेच, बिल तेच, पण आकडा वेगळा. म्हणून फाईल हातात आली की माझा पहिला प्रश्न आता हाच असतो की क्रेडिट घेतलंय का.

दुसरं मशीन पाकिटं सील करायचं. बिल २० नोव्हेंबर २०२२ चं, ४०,००० अधिक जीएसटी ७,२००, आणि वाहतूक ८००. एकूण ४८,०००. इथे काही घोळ नव्हता.

तारीख कोणती धरायची

कांडप मशीनचं बिल जूनचं, पण वीजजोडणी वाढवून मिळायला वेळ लागला आणि मशीन प्रत्यक्ष सुरू झालं ५ ऑगस्टला. घसाऱ्यासाठी महत्त्वाची तारीख वापर सुरू झाल्याची. ती बिलावर नसते, म्हणून बिलाच्याच पाठीमागे पेनाने लिहून ठेवायची सवय लावा. या ताईंनी ती शोधली कशी माहीत आहे? उद्घाटनाला नारळ फोडतानाचा फोटो मोबाईलमध्ये होता.

आयकराच्या नियमानुसार सर्वसाधारण यंत्रसामग्रीला घसाऱ्याचा दर १५ टक्के आहे. घेतलेल्या वर्षी ते यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर त्या पहिल्या वर्षापुरता निम्मा दर, म्हणजे साडेसात टक्के. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, तिथून मागे १८० दिवस मोजत गेलं की ३ ऑक्टोबर येतो. म्हणजे ३ ऑक्टोबरला किंवा त्याआधी सुरू झालेल्या यंत्राला पूर्ण दर, त्यानंतरच्याला निम्मा. (लीप वर्षात एक दिवस पुढे सरकतो. हे मुलांना मोजायला द्या, मजा येते.) गटाने हेच दर वापरायचं ठरवलं, कारण विवरणपत्रासाठी हेच लागणार होते आणि दोन वेगळे तक्ते ठेवायची त्यांची तयारी नव्हती.

कांडप मशीन ५ ऑगस्ट ते ३१ मार्च, म्हणजे २३९ दिवस चाललं. पूर्ण दर. सीलिंग मशीन १ डिसेंबर २०२२ ला सुरू झालं, १२१ दिवस. पहिल्या वर्षी निम्मा.

तक्ता

आता कांडप मशीनचा तक्ता पाहा.

| आर्थिक वर्ष | सुरुवातीचं मूल्य | घसारा १५% | वर्षअखेरचं पुस्तकी मूल्य |
|---|---|---|---|
| २०२१-२२ | १,०४,००० | १५,६०० | ८८,४०० |
| २०२२-२३ | ८८,४०० | १३,२६० | ७५,१४० |
| २०२३-२४ | ७५,१४० | ११,२७१ | ६३,८६९ |
| २०२४-२५ | ६३,८६९ | ९,५८० | ५४,२८९ |

प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा खालच्या ओळीत पहिला म्हणून उतरतो. टक्के दरवेळी त्या उतरलेल्या आकड्याचे काढायचे, मूळ किमतीचे नाहीत. शिल्लक कमी होत जाते म्हणून घसाराही कमी होत जातो. याला घटत्या शिल्लकेची पद्धत म्हणतात, आणि आयकराचा १५ टक्के दर याच पद्धतीसाठी आहे.

सीलिंग मशीनचा तक्ता असाच, फक्त पहिली ओळ वेगळी. २०२२-२३ मध्ये ४८,००० चे साडेसात टक्के म्हणजे ३,६००, उरले ४४,४००. पुढच्या वर्षी पूर्ण दराने ६,६६०, उरले ३७,७४०. त्यापुढे ५,६६१, उरले ३२,०७९.

३१ मार्च २०२५ ला दोन्हींचं मिळून पुस्तकी मूल्य ५४,२८९ अधिक ३२,०७९, म्हणजे ८६,३६८ रुपये.

संगणकावर करायचं असेल तर एक्सेलमध्ये A मध्ये वर्ष, B मध्ये सुरुवातीचं मूल्य, C मध्ये दर, D मध्ये घसारा आणि E मध्ये अखेरचं मूल्य ठेवा. B2 मध्ये मूळ किंमत हाताने भरायची, बाकी असं:

```
D2:  =ROUND(B2*C2,0)
E2:  =B2-D2
B3:  =E2
```

D आणि E ची सूत्रं खाली ओढली, B3 चंही खाली ओढलं की झालं. दराला स्वतंत्र रकाना ठेवला आहे तो पहिल्या वर्षाच्या निम्म्या दरासाठी. दर सूत्रातच लिहून टाकला की हमखास गडबड होते. आणि प्रत्येक मशीनला वेगळी शीट ठेवा, नाहीतर एक विकलं की काय वजा करायचं तेच कळत नाही.

वहीत काय चुकलं होतं

आता वहीतला आकडा पाहू. तिथे कांडप मशीनचे ९६,७६० धरून दरवर्षी १४,५१४ रुपये घसारा टाकला होता. चारही वर्षं तोच आकडा. चार वर्षांचे ५८,०५६ वजा जाऊन उरले ३८,७०४. सीलिंग मशीनला ४७,२०० वर दरवर्षी ७,०८०, तीन वर्षांत २१,२४०, उरले २५,९६०. दोन्ही मिळून ६४,६६४.

मघाशी म्हटलं तसं, गुणाकार बरोबर आहेत. पण १५ टक्के हा घटत्या शिल्लकेचा दर उचलून तो दरवर्षी मूळ किमतीवर लावला. दर एका पद्धतीचा, चाल दुसऱ्या पद्धतीची. असं केलं तर सातव्या वर्षातच मशीन वहीतून शून्य होतं, आणि खोलीत मात्र मिरची कुटत उभं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. घसाऱ्याचा रकाना वरून खाली वाचा. दर १५ टक्के लिहिलाय आणि रकम दरवर्षी तीच, असं दिसलं की तिथेच थांबा. शिवाय सीलिंग मशीनला पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा लागलेला, आणि वाहतूक-पाया कुठेच नाही.

दरवर्षी सारखी रक्कम टाकणारी पद्धतही खरी आहे बरं का, तिला सरळ रेषा पद्धत म्हणतात. पण तिचं गणित निराळं. आधी मशीन किती वर्षं चालेल ते ठरवायचं, शेवटी भंगारात किती येतील त्याचा अंदाज करायचा, तो मूळ किमतीतून वजा करायचा आणि उरलेल्याला वर्षांनी भागायचं. समजा कांडप मशीन दहा वर्षं चालेल आणि भंगाराचे १४,००० येतील. तर ९०,००० भागिले १०, वर्षाला ९,०००. पहिल्या वर्षी ऑगस्टपासूनचे आठ महिने म्हणजे ६,०००. चार वर्षांत एकूण ३३,००० आणि पुस्तकी मूल्य ७१,०००.

म्हणजे त्याच मशीनचं त्याच दिवशी एका पद्धतीने ५४,२८९ आणि दुसरीने ७१,०००! दोन्ही बरोबर. हे ऐकून अध्यक्ष ताई म्हणाल्या, "मग काय, ज्याला जे सोयीचं ते त्याने धरायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं की पद्धत मशीन घेताना ठरवायची आणि दरवर्षी तीच चालवायची. कुणी गट सोडताना किंवा कर्ज मागताना पद्धत बदलली तर तो हिशेब कुणी मान्य करणार नाही. या गटाने सुरुवातीच्या ठरावातच आयकराचा दर लिहिला होता, त्यामुळे सरळ रेषेचा पर्याय आपोआप बाजूला पडला.

मध्येच दुरुस्ती झाली तर

२०२३ मध्ये कांडप मशीनची मोटर जळाली होती. रिवाइंडिंगला ४,५०० रुपये गेले. ते किमतीत मिळवायचे का, असा प्रश्न आला. मी स्वतःला असं विचारते की या खर्चाने मशीन आधी होतं तसं पुन्हा झालं, की आधीपेक्षा जास्त काम करायला लागलं? रिवाइंडिंगने मशीन फक्त पूर्ववत झालं, म्हणून तो त्या वर्षीचा खर्च, तक्त्याला हात लावायचा नाही. पण जुनी काढून मोठ्या ताकदीची मोटर बसवली असती आणि तासाला जास्त मसाला निघू लागला असता, तर ती रक्कम तक्त्यात वाढली असती.

विक्रीचंही असंच आधी समजून ठेवलेलं बरं. उद्या सीलिंग मशीन २८,००० ला विकलं, तर गटाच्या वहीत ३२,०७९ पुसले जातील आणि ४,०७९ चा तोटा दिसेल. आयकरात मात्र एका दराच्या यंत्रांचा एकत्र गठ्ठा धरतात. तिथे ८६,३६८ मधून आलेले २८,००० वजा करायचे आणि उरलेल्या ५८,३६८ वर पुढचा घसारा. तोटा वेगळा दाखवायचा नाही. या जागी वही आणि विवरणपत्र यांचे रस्ते फुटतात, आणि इथून पुढे मी सीए सरांचा नंबर देते.

वाट्याचं काय झालं

तर आकडे असे होते. जाणाऱ्या ताईंच्या मते मूळ किमतीचा दहावा हिस्सा, १५,२००. जुन्या वहीप्रमाणे ६,४६६. नव्या तक्त्याप्रमाणे ८,६३६ रुपये ८० पैसे. वहीच्या चुकीमुळे त्यांना दोन हजारांहून जास्त रुपये कमी मिळाले असते.

मी बैठकीत तक्ता फळ्यावर लिहिला. जाणाऱ्या ताईंना १५,२०० का नाहीत हे पटवायला वेळ लागला. मग त्यांच्याच शेजारी बसलेल्या एकीने म्हटलं, "अगं, चार वर्षं त्या मशीनवर कमावलेल्या नफ्यातला तुझा वाटा तू दर दिवाळीला घेतलास ना? मशीन तेवढं झिजलंच की." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. पण त्यांनीही एक बरोबर मुद्दा काढला. बाजारात अशा जुन्या मशीनला जास्त भाव आला तर? तो येऊ शकतो, आणि कमीही येऊ शकतो. पुस्तकी मूल्याला त्याचं काही देणंघेणं नाही. शेवटी दोघा जुनं मशीन घेणाऱ्यांना फोनवर भाव विचारायचं ठरलं. एकाने दोन्ही मिळून ८०,००० म्हटलं, दुसऱ्याने ९०,०००. पुस्तकी मूल्य मधोमध पडत होतं, म्हणून सगळ्यांनी तेच मान्य केलं. भाव फार लांबचे आले असते, तर वाटणीसाठी पुस्तकी मूल्य सोडून वेगळं मूल्यांकन करावं लागलं असतं.

जुन्या वर्षांच्या नोंदी खोडायच्या नाहीत, असं सीए सरांनी बजावलं होतं. मागच्या वर्षांत जास्त टाकलेला घसारा किती, ते काढून चालू वर्षात एक दुरुस्ती नोंद करायची आणि बैठकीच्या इतिवृत्तात कारण लिहायचं. तसंच केलं.

मग हा तक्ता मी सातवीच्या वर्गात नेला. पहिल्या दोन ओळी दिल्या, पुढच्या मुलांनी केल्या. ९,५८०.३५ आल्यावर पैशांचं काय करायचं यावर बराच वाद झाला. एका मुलीने, तिची आई याच गटात आहे, विचारलं, "मॅडम, हे शून्य कधी होणार?" मी म्हटलं, करून बघा. दरवर्षी ८५ टक्के उरतात, तर दहा वर्षांनी साधारण २०,५०० उरतात, वीस वर्षांनी चार हजारांच्या आसपास. कागदावर ते कधीच शून्य होत नाही. ज्या दिवशी मशीन भंगारवाल्याच्या टेम्पोत चढेल, त्या दिवशी त्याने दिलेले पैसे लिहून उरलेला आकडा एकदम पुसायचा. तिने घरी जाऊन आईला विचारलं म्हणे, की मग तोपर्यंत बिल जपून ठेवलंय ना.